पदवी खरी आहे, पण ब्रँचचं काय?

मागच्या आठवड्यात आर्वी नाक्यावर चहा घेत उभा होतो. ओळखीतल्या एकाचा मुलगा भेटला. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणाला, "काका, नागपूरचा एक एजंट आहे, सौदीले पाठवतो म्हणते. तिथल्या इंजिनिअर कौन्सिलचं रजिस्ट्रेशनबी तोच करून देते. पैसे घेते, पण काम गॅरंटीनं करते म्हणे." मी विचारलं, "तुझ्या ब्रँचला एनबीए आहे का?" तो माझ्याकडे असा पाहू लागला जसं मी बास्केटबॉलचा स्कोअर विचारला.

त्याची चूक नाही. २०१८ सालापर्यंत मलाही माहीत नव्हतं. अठरा-एकोणीस वर्षं जिल्ह्याच्या बातम्या लिहितोय, कॉलेजांच्या उद्घाटनांच्या आणि "शंभर टक्के प्लेसमेंट"च्या बातम्या छापल्यात, त्यांच्या जाहिरातीही आणल्यात (त्यावर आमचं पेपर चालतं, लपवण्यासारखं काही नाही). पण कोणत्या कॉलेजची कोणती ब्रँच कोणत्या वर्षी मानांकित होती, हे एकदाही विचारलं नव्हतं. ते विचारायची वेळ आली माझ्या मावसभावामुळे. त्याच्या परवानगीनंच हे लिहितोय, फक्त नाव नको म्हणाला. पोस्ट लांब आहे. घरात कोणी इंजिनिअरिंगला असेल किंवा आखातात जायचं ठरवत असेल तर वाचा, नाहीतर सोडून द्या.

मावसभाऊ देवळी तालुक्यातला. २००४ साली मेकॅनिकल इंजिनिअर झाला, विदर्भातल्याच एका खासगी कॉलेजातून, पदवी नागपूर विद्यापीठाची. तीन-चार वर्षं बुटीबोरी आणि नंतर गुजरातेत काम केलं. २००९ मध्ये कुवेतला गेला. तेलशुद्धीकरण कारखान्यांत पाइपलाइनच्या वेल्डिंगची गुणवत्ता तपासायची, एक्स-रे फिल्म बघायच्या, अहवालावर सही करायची, असं त्याचं काम. पुढे मीना अल अहमदी आणि मीना अब्दुल्ला इथल्या रिफायनऱ्यांचा मोठा विस्तार निघाला, क्लीन फ्युएल्स प्रोजेक्ट नावाचा. २०१४ मध्ये त्याची कंत्राटं दिली गेली आणि आपल्याकडच्या शेकडो पोरांना काम मिळालं. हाही त्यातच होता. मावशीचं घर झालं, धाकट्या बहिणीचं लग्न झालं, बायको आणि मुलगी तिकडेच राहायला गेल्या.

मार्च २०१८ मध्ये त्याचा फोन आला. "दादा, माह्या कॉलेजात जाऊन एक लेटर आणशील का? मेकॅनिकल ब्रँच एनबीएची होती, असं लिहून पायजे. वर्ष २००४."

मला वाटलं किरकोळ काम आहे. एखाद्या दिवसात होईल.

झालं असं होतं की कुवेतच्या मनुष्यबळ प्राधिकरणानं ठरवलं, ज्याच्या वर्क परमिटवर "इंजिनिअर" असं पद लिहिलंय त्याचं परमिट नव्यानं काढताना किंवा वाढवताना कुवेत सोसायटी ऑफ इंजिनिअर्सचं ना-हरकत पत्र लागेल. ही सोसायटी म्हणजे सरकारी खातं नव्हे. कुवेती इंजिनिअर लोकांची ती जुनी संघटना आहे, आपल्याकडे डॉक्टरांची आयएमए असते तशी समजा. पण एका आदेशानं ती परदेशी इंजिनिअरच्या मुक्कामाच्या परवान्याच्या वाटेत येऊन बसली. तिच्याकडे नोंदणी करायची, पदवी आणि गुणपत्रिका द्यायच्या, मग ती तपासून सांगणार की हा माणूस इंजिनिअर आहे की नाही. आणि भारतीयांच्या बाबतीत तिनं एकच कसोटी धरली. ज्या अभ्यासक्रमातून तुम्ही पास झालात तो भारताच्या एनबीएनं, म्हणजे नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशननं, मानांकित केलेला असला पाहिजे. नसेल तर पत्र नाही.

मावसभावाचा परवाना जुलैमध्ये संपत होता.

आता इथे जरा थांबून सांगतो, कारण माझाही याच ठिकाणी गोंधळ झाला. त्याच्याकडे शिक्क्यांची कमतरता नव्हती. २००९ मध्ये जाताना पदवी विद्यापीठातून पडताळून घेतली होती, मग मुंबईला मंत्रालयाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग दिल्लीत कुवेतच्या दूतावासाचा. पदवीची मागची बाजू शिक्क्यांनी भरून गेली होती. मी त्याला फोनवर म्हटलंही, "अरे, त्यांच्याच दूतावासाचा शिक्का आहे ना, मग आता काय पाहिजे?" तो म्हणाला, "दादा, तो शिक्का कागद खरा आहे म्हणते. आता हे विचारून राहिले की शिक्षण चांगलं होतं का."

सगळा प्रश्न त्याच्या या वाक्यात आहे. दूतावासाचा शिक्का सांगतो की ही पदवी बनावट नाही, या विद्यापीठानंच दिली आहे. एआयसीटीईची मान्यता सांगते की या कॉलेजला हा अभ्यासक्रम चालवायची परवानगी होती. विद्यापीठाची संलग्नता सांगते की परीक्षा कोणाची. नॅक हे आख्ख्या संस्थेचं मूल्यमापन, त्यात ग्रंथालय, मैदान, कारभार असं सगळं येतं. आणि एनबीए यातलं काहीच नव्हे. एनबीए बघतं एकच ब्रँच. मेकॅनिकल वेगळी, इलेक्ट्रॉनिक्स वेगळी, सिव्हिल वेगळी. त्या ब्रँचमध्ये पुरेसे शिक्षक आहेत का, त्यात पीएचडी किती, जागा भरतात का, पोरं किती पास होतात, प्रयोगशाळेत काय चालतं, हे बघून ती ब्रँच ठराविक वर्षांसाठी मानांकित करतं. पूर्वी चांगली ठरली तर पाच वर्षं, आता सहा, बेताची ठरली तर तीन. मुदत संपली की पुन्हा अर्ज, पुन्हा तपासणी. आणि जो विद्यार्थी त्या मुदतीच्या आत पास झाला, त्याच्यापुरतंच ते मानांकन.

म्हणजे कॉलेजच्या कमानीवर "एनबीए मानांकित" असं लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ काहीच लागत नाही, जोवर तुम्ही दोन गोष्टी विचारत नाही. कोणती ब्रँच, आणि कधीपासून कधीपर्यंत.

एनबीए १९९४ मध्ये एआयसीटीईनं सुरू केलं. तिकडे जाणं कॉलेजच्या मर्जीवर होतं, सक्ती नव्हती. आपल्या महाराष्ट्रात १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं आणि जिल्ह्याजिल्ह्यात कॉलेजं उभी राहिली. त्यामुळे माझ्यासारख्यांच्या पिढीतली शेतकऱ्यांची पोरं इंजिनिअर झाली, ते मी नाकारत नाही. पण त्या काळात ज्या कॉलेजची प्रत्येक जागा भरत होती, त्यानं तपासणीसाठी खर्च आणि धावपळ कशाला करावी? आणि गंमत अशी की वरच्या टोकालाही तेच होतं. बहुतेक आयआयटी एनबीएकडे वर्षानुवर्षं गेल्याच नव्हत्या, आम्हाला कोणी तपासायची गरज नाही म्हणून. त्यामुळे कुवेतनं ही एकच फूटपट्टी लावली तेव्हा गल्लीतल्या कॉलेजचा आणि आयआयटीचा माणूस एकाच रांगेत उभा राहिला.

तर मी कॉलेजात गेलो. ऑफिसात दर्शनी भिंतीवर नॅकचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं. बाबूंनी तेच दाखवलं. "हे घ्या, याची झेरॉक्स देतो." मी म्हटलं, हे नाही, एनबीए पाहिजे, मेकॅनिकलचं, २००४ चं. ते म्हणाले, "आपल्याकडे आहे ना एनबीए!" आणि खरंच होतं. एक पत्र निघालं, मेकॅनिकलचं, पण मुदत २००६ पासून पुढे. मग जुनी फाइल काढायला दोन दिवस लागले. त्यात इलेक्ट्रॉनिक्सचं पत्र सापडलं, २००१ ते २००४. त्या वर्षी कॉलेजनं इलेक्ट्रॉनिक्सच तपासणीला लावली होती. मेकॅनिकलचं वर्कशॉप नवीन बांधायला काढलं होतं म्हणून ती ब्रँच पुढच्या फेरीत घेऊ असं ठरलं होतं म्हणे. एका निवृत्त सरांनी हे सांगितलं. त्यांना बिचाऱ्यांना वाईट वाटत होतं.

मावसभावाचा हॉस्टेलमधला रूममेटही कुवेतमध्येच होता. इलेक्ट्रॉनिक्सचा. एकाच खोलीत राहिलेले, एकाच मेसमध्ये जेवलेले, एकाच मैदानावर दीक्षान्त घेतलेला. रूममेटला पत्र मिळालं. याला नाही.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये मला हळूच सुचवण्यात आलं की "कॉलेज एनबीए मानांकित आहे" असं मोघम लिहून देतो, ब्रँच आणि वर्ष लिहीत नाही, तिकडे कोण बघतंय. मी ते पत्र घेतलं, खोटं कशाला बोलू. मावसभावाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. त्याचा उलट मेसेज आला, "दादा हे चालत नाही. ते यादीशी ताडून पाहतात. आणि उद्या यादीत नसलं निघालं तर मले खोटा कागद दिला म्हणतीन." त्या दिवसांत कुवेतमध्ये बनावट पदव्यांची प्रकरणं गाजत होती, वर्तमानपत्रं त्यांनी भरलेली असायची. ज्याची पदवी खरी आहे त्यानं मोघम कागद देऊन स्वतःला त्या रांगेत उभं करणं म्हणजे पायावर धोंडा मारून घेणं. ते पत्र तिकडे गेलंच नाही. माझ्याकडे अजून पडून आहे.

याच धावपळीत आणखी दोन गाठी सुटायच्या राहिल्या होत्या. त्या लहान आहेत, पण माणूस अडकतो त्यातच, म्हणून सांगतो. पहिली, विद्यापीठाचं नाव. त्याची पदवी २००४ ची, तिच्यावर "नागपूर विद्यापीठ". २००५ मध्ये विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव दिलं गेलं. ऑनलाइन फॉर्ममध्ये यादीतून विद्यापीठ निवडायचं, तर तिथे नवीन नाव, कागदावर जुनं. समोरच्या टेबलावर बसलेल्या कुवेती माणसाला ही दोन विद्यापीठं वाटतात, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. त्यासाठी विद्यापीठातून "दोन्ही एकच" असं पत्र काढावं लागलं. दुसरी गाठ, त्याचं स्वतःचं नाव. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव आधी, आडनाव वेगळ्या रकान्यात. वर त्याच्या वडिलांचं नाव एका ठिकाणी "राव" लावून, एका ठिकाणी न लावता. आपल्याला तो एकच माणूस दिसतो, परक्या देशातल्या संगणकाला तीन दिसतात. ज्यांची मुलं आता दहावी-बारावीला आहेत त्यांनी सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे का ते आजच बघून ठेवा. नंतर राजपत्र आणि प्रतिज्ञापत्र करत बसावं लागतं.

या दोन्ही गाठी सुटल्या. ब्रँचची सुटली नाही. ती सुटण्यासारखी नव्हतीच. २००४ साल काही परत येणार नव्हतं. एनबीए मागच्या तारखेनं मानांकन देत नाही, आणि देऊही नये.

विषय दिल्लीपर्यंत गेला. कुवेतमधल्या भारतीय इंजिनिअर लोकांनी दूतावासाकडे निवेदनं दिली, संसदेत प्रश्न आले. ऑक्टोबर २०१८ च्या शेवटी परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज कुवेतच्या दौऱ्यावर गेल्या तेव्हा हा विषय निघाला. आपल्या सरकारचं म्हणणं साधारण असं, की मानांकन ऐच्छिक आहे, ते नसलं म्हणून पदवी अमान्य होत नाही. ते बरोबरच आहे. पण कुवेतची बाजूही ऐकली तर अगदीच उडवून लावण्यासारखी नाही. ते म्हणतात, तुमच्या देशात हजारो कॉलेजं, त्यातली चांगली कोणती हे आम्ही ठरवायचं कसं? तुमच्याच सरकारनं स्थापन केलेली संस्था अभ्यासक्रम तपासते, तिची यादी आहे, आम्ही ती वापरली. शिवाय त्यांना परदेशी माणसं कमीच करायची होती, हेही उघड आहे. चाळणी हवीच होती, ती आपणच तयार करून ठेवली होती.

जुलै आला. कंपनीनं (नाव घेत नाही, वाईट कंपनी नव्हती) त्याला दोन वाटा सांगितल्या. परत जा, किंवा परमिटवरचं पद बदलून घे. इंजिनिअरच्या जागी टेक्निशियन. त्यानं दुसरी वाट घेतली. त्याच्यासारख्या कितीतरी लोकांनी घेतली.

बाहेरून पाहिलं तर काही बदललं नाही. तोच कॅम्प, तेच हेल्मेट, तोच पगार पहिले काही महिने. घरी मावशीला तर आम्ही सांगितलंच नाही. पण तेलकंपनीच्या कामात कंत्राटदाराचा प्रत्येक महत्त्वाचा माणूस मालक-कंपनीकडून मंजूर करून घ्यावा लागतो. त्याचा बायोडेटा जातो, मुलाखत होते, मग त्याला अमुक अहवालावर सही करायचा अधिकार मिळतो. परमिटवर टेक्निशियन असलेल्या माणसाची क्यूसी इंजिनिअर म्हणून नव्या प्रकल्पावर मंजुरी होईना. मग असं झालं की वेल्डची फिल्म हा बघायचा, दोष हा शोधायचा, अहवाल हा लिहायचा आणि सही चार वर्षांचा अनुभव असलेला दुसरा एक पोरगा करायचा, कारण त्याच्या ब्रँचला मानांकन होतं. तो पोरगा चांगला होता. दर वेळी "सर, पाहून घेतलं ना?" विचारून सही करायचा. मावसभाऊ म्हणतो, "मले त्याचा राग नाही आला कधी. फक्त तो सर म्हणे ना, तवा कसंतरी होये."

पुढचं कंत्राट आलं तेव्हा पगार पदाप्रमाणे लागला. कुटुंबाचा व्हिसा तिथे पगाराशी आणि पदाशी बांधलेला असतो. २०१९ च्या उन्हाळ्यात बायको आणि मुलगी वर्ध्याला परत आल्या. मुलगी सहावीत होती. दुसऱ्या वर्षी कोविडमध्ये काम थांबलं आणि तोही आला. सप्टेंबर २०२० मध्ये कुवेतच्या भारतीय दूतावासानं तिथल्या इंजिनिअर लोकांची माहिती ऑनलाइन गोळा करायला घेतली, प्रश्न पुन्हा मांडण्यासाठी. त्याची लिंक त्याला मित्रांनी पाठवली. तेव्हा तो इथे रामनगरमध्ये बसून ती वाचत होता.

आता तो चहावाला मुलगा आणि त्याचा सौदीचा एजंट.

सौदीचा मामला कुवेतपेक्षा वेगळा आहे आणि आपल्या एजंट लोकांना तो अर्धवटच माहीत असतो. तिथे सौदी कौन्सिल ऑफ इंजिनिअर्स ही कायद्यानं, २००२ च्या शाही फर्मानानं, उभी केलेली संस्था आहे. तिच्याकडे नोंद नसेल तर इंजिनिअर पदावरचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, निघत नाही की वाढत नाही. पण तिचा जोर मानांकनापेक्षा खरेपणावर आणि अनुभवावर आहे. कागद तुम्ही दिलेत म्हणून ती धरत नाही. तपासणी करणारी संस्था थेट तुमच्या विद्यापीठाला आणि जुन्या कंपनीला विचारते, हा तुमचाच विद्यार्थी का, हा तुमच्याकडे अमुक पदावर होता का. उत्तर आलं नाही तर फाइल तिथेच पडून राहते. एजंटचा हात तिथवर पोचत नाही. तो फार तर फॉर्म भरून देईल, आणि तुमचं खातं स्वतःच्या मोबाइल नंबरावर काढून ठेवेल, म्हणजे पुढे पासवर्डसाठीही त्याच्याच दारात. मी त्या मुलाला हेच सांगितलं, की खातं तुझं तूच उघड.

अनुभवाचं पत्र हा सौदीतला खरा अडसर. बुटीबोरीत पोरगा काम करतो देखभालीचं, एचआर पत्र देतं "ट्रेनी" किंवा "ऑफिसर" म्हणून, आणि सौदीत पद मागतो मेकॅनिकल इंजिनिअरचं. जुळत नाही. पत्रावर पद, ब्रँचशी जुळणारं काम, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, आणि फोन लावला तर उत्तर देईल असा माणूस, एवढं पाहिजे. कंपनी बंद पडली असेल तर पगाराच्या पावत्या आणि पीएफचा उतारा जपून ठेवलेला बरा. आणि नवखा पोरगा तर मुळातच अवघड. २०१८ च्या सुरुवातीला सौदीनं ठरवलं होतं की पाच वर्षांहून कमी अनुभवाचे परदेशी इंजिनिअर आणायचे नाहीत. मग एजंट काय करतो? शेवटच्या वर्षाच्या पोराला टेक्निशियनच्या व्हिसावर पाठवतो आणि सांगतो, तिकडे गेल्यावर पद बदलून घे. पद वर चढवणं किती कठीण आहे ते मावसभावाला विचारा. त्याचं तर उतरलं होतं एका दिवसात.

कतारला आणखी वेगळं, तिथे तुमच्या शाखेची संगणकावर बहुपर्यायी परीक्षा द्यावी लागते आणि ती पास झाल्यावर नोंदणी. ओमान, बहरीनलाही आपापल्या संस्था आहेत. शिक्क्याचंसुद्धा एक नाही. सौदी डिसेंबर २०२२ पासून अपॉस्टिल मानतं, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचा एक स्टिकर लागला की दूतावासात जायचं काम नाही. कुवेत, कतार मानत नाहीत, तिथे अजून दूतावासाची वारी आहेच. "गल्फसाठी सगळे कागद करून देतो" असं कोणी म्हणालं तर पहिला प्रश्न विचारा, कोणत्या देशासाठी?

मला या सगळ्यात एक गोष्ट सारखी टोचते. सेवाग्रामला १९६९ पासून मेडिकल कॉलेज आहे. तिथून डॉक्टर झालेल्या माणसाला पदवीबरोबर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मिळतो. नर्सला नर्सिंग कौन्सिलचा. आपल्या चौकातल्या औषध दुकानाच्या फार्मासिस्टचं प्रमाणपत्र काचेत लावलेलं असतं, त्याचा कायदा १९४८ चा. वकिलाला बार कौन्सिल आहे, आर्किटेक्टला १९७२ चा कायदा आहे. हे लोक परदेशात गेले की "तुमच्या देशात तुमची नोंद आहे का" या प्रश्नाला एक क्रमांक पुढे करतात. इंजिनिअरकडे असा क्रमांक नाही. नगरपालिकेत नकाशे टाकणाऱ्या सिव्हिलवाल्याला लायसन्स असतं, ते तेवढ्यापुरतं. बॉयलर फुटू नये म्हणून सही करणाऱ्याची, पूल उभा करणाऱ्याची देशपातळीवर कायद्यानं सक्तीची नोंदणीच नाही. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स आहे, १९२० ची जुनी, मानाची, नागपूरला केंद्र आहे, चार्टर्ड इंजिनिअर हा किताब देते. सभासद जरूर व्हा, बायोडेटात वजन येतं, कामाच्या मुलाखतीत विचारतात. पण ते सभासदत्व ऐच्छिक आहे. कुवेतच्या सोसायटीचं पत्र किंवा सौदी कौन्सिलची नोंद त्याच्या जोरावर आपोआप मिळत नाही. आपल्याकडे नोंदणीच नसल्यामुळे परके देश पदवीच्या मागे जाऊन कॉलेजची ब्रँच आणि वर्ष खणत बसतात. अनुभवी माणसाला ते चौदा वर्षांपूर्वीच्या वर्कशॉपबद्दल विचारतात.

आता प्रवेशाचे दिवस येतायत म्हणून आणखी एक सांगतो, हे मला अगदी अलीकडे कळलं. जून २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन अ‍ॅकॉर्डचा कायम सदस्य झाला. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया वगैरे देश एकमेकांचे मानांकित इंजिनिअरिंग अभ्यासक्रम समतुल्य मानतात, तो हा करार. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत तो मोठ्या अक्षरात छापतात. पण एनबीएच्या दोन पायऱ्या आहेत. टिअर वन ही स्वायत्त कॉलेजं, विद्यापीठं आणि आयआयटी-एनआयटीसारख्या संस्थांसाठी, टिअर टू ही विद्यापीठाला संलग्न साध्या कॉलेजांसाठी. कराराची मान्यता टिअर वनलाच आहे. त्यामुळे "एनबीए आहे" म्हटल्यावर तिसराही प्रश्न विचारायचा, टिअर कोणता. आणि मुदत बघताना आजची तारीख बघायची नाही. मूल पास होईल ते वर्ष बघायचं. आज प्रवेश घेतला तर चार वर्षांनी. त्या वर्षापर्यंत मुदत नसेल तर कॉलेजला विचारा की पुन्हा अर्ज केलाय का. कोणतंही कॉलेज चार वर्षांनंतरची हमी देऊ शकत नाही, हेही खरं. पण गेल्या दहा वर्षांत त्या ब्रँचचं मानांकन सलग आहे की मध्ये तुटलंय, एवढ्यावरून अंदाज येतो. सगळं nbaind.org वर बघता येतं, कॉलेजच्या शब्दावर राहायची गरज नाही.

मावसभाऊ आता एमआयडीसीत एका कारखान्यात आहे. पगार तिकडच्या मानानं काहीच नाही, पण क्यूसीच्या अहवालावर सही त्याची असते. त्याची मुलगी, जी सहावीत परत आली होती, तिनं आता सीईटी दिली आहे. परवा त्याच्या घरी गेलो तर दोघं बापलेक पलंगावर कागद पसरून बसले होते. कॅपच्या फॉर्मसाठी कॉलेजांचे कोड लिहिलेली वही, आणि प्रत्येक कोडसमोर तिनं तीन रकाने आखलेले. ब्रँच, कधीपर्यंत, टिअर. तिला कॉम्प्युटर पाहिजे, आखातात जायचं तिच्या डोक्यातही नाही. "मग हे कशाला करून राहिली?" मी विचारलं.

"बाबा फॉर्मवर सही करत नाही ना, मोठे बाबा, रकाने भरल्याशिवाय," ती म्हणाली.

एका कॉलेजसमोरचा मधला रकाना रिकामा होता. कॉलेज जवळचं, फी कमी, तिच्या दोन मैत्रिणी तिथेच जाणार. मावसभावानं चष्मा काढून मोबाइल डोळ्यांजवळ नेला, तारीख दोनदा वाचली, आणि मला म्हणाला, "दादा, उद्या मोकळा आहेस का? जाऊन विचारून येऊ. फाइलच पाहू म्हणा, लेटर नको."

उद्या अकरा वाजता जातोय आम्ही.